बँकेतला मोबाईल नंबर बदलायचा आहे: एटीएम, बँकेचा फॉर्म की मॅनेजरच्या नावे अर्ज?

आधी एकच गोष्ट पाहा: खात्याला जोडलेल्या जुन्या नंबरवर आज एसएमएस येतो का? येत असेल तर शाखेची पायरी चढायची गरज बहुधा पडणार नाही. बऱ्याच बँकांच्या एटीएमवर किंवा नेटबँकिंगमध्ये नंबर बदलता येतो. तिथे सहसा जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नंबरांवर ओटीपी पाठवतात, म्हणून जुने सिम चालू आहे तोवरच हे उरकावे. रिचार्ज संपून ते बंद पडले की ही वाट बहुधा बंद होते आणि शाखेत जावे लागते.

शाखेत काउंटरवर छापील फॉर्म मिळतो. मग वेगळा अर्ज कशाला? खाते साधे, एकाच नावाचे असेल तर फॉर्म पुरे. पण फॉर्ममध्ये नंबरासाठी बहुधा ‘जुना नंबर’ आणि ‘नवा नंबर’ एवढेच रकाने असतात. जुना नंबर कधीपासून बंद आहे, तो कुठल्या कुठल्या खात्यांवरून काढायचा आहे, हे लिहायला तिथे सहसा जागा नसते. आमचे मत असे की सिम बंद झाले असेल किंवा खाते संयुक्त असेल, तर फॉर्म भरावाच आणि त्याला अर्जही जोडावा. बंद नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचे एसएमएस आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातात.

समजा, डिचोलीतल्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्नीसोबत पणजीच्या शाखेत संयुक्त खाते आहे. जुने सिम मार्चपासून बंद आहे. त्यांचा अर्ज असा असावा:

प्रति,
शाखा व्यवस्थापक, (बँकेचे नाव), पणजी शाखा

विषय: नोंदणीकृत मोबाईल क्रमांक बदलण्याबाबत

महोदय,
आपल्या शाखेत माझे व माझ्या पत्नीचे संयुक्त बचत खाते आहे (खाते क्रमांक ……, आमचे ग्राहक क्रमांक …… व ……). खात्यावर नोंदलेला …… हा मोबाईल क्रमांक मार्च महिन्यापासून बंद असून आता आमच्या ताब्यात नाही. तो आम्हा दोघांच्या ग्राहक क्रमांकांवरून काढून टाकावा. माझ्यासाठी …… व पत्नीसाठी …… हा क्रमांक नोंदवावा, ही विनंती.

सोबत: पासबुकच्या पहिल्या पानाची व दोघांच्या आधार कार्डांची स्वाक्षरी केलेली झेरॉक्स.

आपले विश्वासू,
(दोघांच्या सह्या, नावे, तारीख)

यात ‘दोघांच्या ग्राहक क्रमांकांवरून’ हे शब्द गाळू नका. बँकेच्या संगणकात मोबाईल नंबर साधारणपणे ग्राहक क्रमांकाला जोडलेला असतो आणि संयुक्त खात्यात प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक वेगळा असतो. खाते उघडताना दोघांसाठी एकच नंबर दिला असेल आणि आता फक्त नवऱ्याने अर्ज केला, तर बायकोच्या नावापुढे जुनाच नंबर राहतो. तसेच ‘नवा नंबर जोडावा’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘जुना काढून’ असे लिहावे.

अर्ज मराठीत लिहायला हरकत नाही, पण नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत लिहा. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 यांचे वळण इतके जवळचे की काउंटरवरच्या माणसाला देवनागरी आकड्यांची सवय नसेल तर चूक होऊ शकते. खाली अक्षरांतही लिहा: नऊ, आठ, दोन… असा एकेक आकडा सुटा.

अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा सहीमुळे. वीस वर्षांपूर्वी खाते उघडताना मराठीत सही केली आणि आज इंग्रजीत केली, तर बँकेच्या नमुन्याशी ती जुळत नाही. जुनी सही आठवत नसेल तर आधी नमुना सही बदलण्याचा फॉर्म मागा. दुसरी अडचण आडनावाच्या स्पेलिंगची. पासबुकावर Gaonkar आणि आधारवर Gaunkar असेल, तर पॅन कार्डही सोबत ठेवावे.

डिचोलीतच त्या बँकेची शाखा असेल तर तिथे अर्ज घेतील का, हे फोन करून विचारा. काही बँका मूळ शाखेतच पाठवतात. कुठेही दिलात तरी दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच शिक्का घ्या. एटीएम कार्डाचा पूर्ण नंबर किंवा पिन अर्जात लिहू नका, त्याची गरज नसते.

बदल झाला की नाही हे तपासायला एटीएममधून थोडे पैसे काढा आणि एसएमएस कुठल्या फोनवर येतो ते पाहा. यूपीआय ॲप आपोआप नव्या नंबरवर येत नाही. नवे सिम त्याच फोनमध्ये घालून ॲपमध्ये नोंदणी पुन्हा करावी लागते, आणि बँकेत नंबर बदलण्याआधी ती केली तर ॲप ‘या नंबरला खाते जोडलेले नाही’ अशा अर्थाचा संदेश दाखवते.