विकास की सीई-२०: धक्का कशातून येतो?

इस्रोच्या एलव्हीएम३ या प्रक्षेपकात दोन भिन्न स्वभावाची द्रवइंधन इंजिने आहेत. गाभ्याच्या टप्प्यात विकास इंजिनांची जोडी असते, तर वरच्या टप्प्यात सीई-२० हे अतिथंड द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन जाळणारे एकच क्रायोजेनिक इंजिन असते. दोघांचे गणित एकाच नियमावर चालते: दर सेकंदाला बाहेर जाणाऱ्या वायूच्या संवेगात जितका बदल होतो, तितकाच धक्का रॉकेटला मिळतो, म्हणजे F = (dm/dt) × v; इथे F हा धक्का, dm/dt हा दर सेकंदाचा खप आणि v हा वायूचा वेग.

निर्वातात विकासच्या वायूचा परिणामी वेग सेकंदाला सुमारे २,८७० मीटर असतो आणि एक इंजिन सेकंदाला सुमारे २८० किलो द्रव्य जाळते. गुणाकार साधारण ८ लाख न्यूटन येतो. सीई-२० चा वेग ४,३४० मीटर, पण खप जेमतेम ४६ किलो, म्हणून धक्का सुमारे २ लाख न्यूटनच भरतो. या खपात ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारे द्रव्यही धरावेच लागते; नुसते इंधन मोजले, तर उत्तर फार कमी येते.

विकासइतका धक्का सीई-२० च्या वायुवेगाने मिळवायचा, तर सेकंदाला १८४ किलो पुरतील. बचत मोठी दिसते. मात्र द्रव हायड्रोजनची घनता घनमीटरला सुमारे ७१ किलोच असल्याने टाक्या अवाढव्य होतात. म्हणून खाली, जिथे जड रॉकेट उचलून धरायचे असते, तिथे मला जास्त खपाचे विकासच योग्य वाटते. वर धक्का थोडा कमी चालतो, तिथे किलोमागे अधिक संवेग देणारे सीई-२० सरस ठरते.