फोम, जेल, क्रीम की साबण? सांगलीच्या बोअरच्या पाण्यात आठ महिने दाढी केल्यावर

माझी दाढी राठ आहे आणि नोकरीमुळे रोज करावी लागते. गळ्यावर, उजव्या बाजूला केसांचा एक भोवरा आहे. तिथे केस खालून वर येतात, मग आडवे वळतात. दाढी गुळगुळीत झाली की नाही हे मी त्याच जागेवर बोट फिरवून ठरवतो. रेझर साधा, दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर, आणि आठही महिने एकाच प्रकारचं ब्लेड वापरलं, म्हणजे फरक दिसला तर तो फेसाचाच असावा. ब्रँडची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच प्रकारातल्या दोन कंपन्यांपेक्षा दोन प्रकारांमधला फरक मला कितीतरी मोठा वाटला.

मूळचा मी साताऱ्याचा. जुन्या पेठेतलं घर, नळाला कास तलावाचं पाणी. वडील आयुष्यभर वाटीतल्या गोल साबणाने दाढी करतात आणि मीही तेच शिकलो. गेल्या नोव्हेंबरात बदली होऊन सांगलीत विश्रामबागला आलो. अपार्टमेंटमध्ये पिण्याला नळाचं पाणी आणि वापरायला बोअरचं. पहिल्याच आठवड्यात तोच साबण, तोच ब्रश, तोच हात, पण फेस टिकेना. चेहऱ्याला लावेपर्यंत बरा दिसायचा आणि दुसऱ्या गालावर रेझर पोचेपर्यंत विरून जायचा. गळ्यावर आग, भोवऱ्यापाशी लाल पुळ्या. मला वाटलं साबण जुना झाला. नवा आणला, तरी तेच. शेवटी साबण ठेवून दिला आणि बाकीचे प्रकार सुरू केले.

आधी डब्यातला फोम. सुमारे सहा आठवडे वापरला. सकाळी घाई असेल तर याच्यासारखं सोपं काही नाही. बटण दाबलं की फेस तयार, आणि पाणी कसंही असलं तरी फेस तोच, कारण तो कारखान्यातल्या पाण्यावर बनलेला असतो आणि डब्यातला वायू त्याला फुगवतो. पण त्याचा दोषही तिथेच आहे. त्यात हवा फार आणि पाणी कमी. हाताने थापला की तो केसांच्या वर बसतो, मुळाशी जात नाही. केसाला मऊ करतं ते पाणी. कोरडा केस कापायला ब्लेडला बराच जोर लागतो, आणि दोन-तीन मिनिटं नीट भिजला की तोच केस सहज कापला जातो. फोमने ही दोन मिनिटं मिळत नाहीत. लावला की लगेच रेझर, आणि संध्याकाळी हनुवटीवर पुन्हा खरखर. पुढे एक गोष्ट सापडली. आधी तोंड कोमट पाण्याने धुवायचं, पुसायचं नाही, फोम लावून त्यावर ओला ब्रश अर्धा मिनिट गोल फिरवायचा. याने फोमची दाढी स्पष्टपणे सुधारते. मात्र ब्रश हातात घ्यायचाच असेल तर फोमला जास्त पैसे का द्यायचे, हा प्रश्न उरतो.

जेलबद्दल थोडक्यात. दाबून काढायचं, बोटावर चोळलं की फुगणारं जेल मी प्रवासात वापरलं. त्यात मिसळलेला द्रव साधारण २८ अंशांना उकळतो, म्हणून कातडीच्या उबेने त्याचा फेस होतो. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी ते हातावर पडल्यापडल्याच फुगायला लागायचं, म्हणून डबा थंड जागी ठेवायला लागलो. फोमपेक्षा दाट आणि निसरडं, रेझर छान सरकतो. फुगत नाही असं पारदर्शक जेल कल्ले आणि दाढीची कड कोरायला सोयीचं, कारण रेघ दिसते. रोजच्या पूर्ण दाढीला मात्र मला ते महाग पडलं.

मग ट्यूबमधली क्रीम आणि ब्रश. इथे मी तीन महिने थांबलो, आणि आजही आठवड्याचे पाच दिवस तीच वापरतो. एका दाढीला बदामाएवढी क्रीम पुरते, साधारण एक ग्रॅम, म्हणून रोज वापरली तर ७० ग्रॅमची ट्यूब मला दोन महिन्यांपेक्षा थोडी जास्त जाते. क्रीम आधीच पाण्यात कालवलेली असते, त्यामुळे ती लगेच फेसाळते आणि तिला आपलं पाणी कमी लागतं. बोअरच्या पाण्यात साबण हरला तिथे ती टिकली, याचं मोठं कारण हेच असावं.

फेस करताना बहुतेक जण चूक करतात ती पाण्याच्या मापात. मीही वर्षानुवर्षं केली. ब्रश कोमट पाण्यात मिनिटभर भिजवायचा, मग दोनदा झटकायचा. टपटपणारा ब्रश नको, पण पिळून कोरडाही नको. वाटीत क्रीम घालून गोल फिरवायला लागलं की आधी चिकट, निस्तेज लगदा दिसतो. पुष्कळ जण इथेच थांबतात, कारण तो घट्ट असल्यामुळे चांगला वाटतो. पण तो कोरडा आहे. चेहऱ्यावर दोन मिनिटांत सुकतो आणि रेझर ओढायला लागतो. इथून अर्धा चमचा पाणी घालायचं, वीस-पंचवीस वेळा फिरवायचं, पुन्हा अर्धा चमचा. साधारण तीनदा. फेसाला ताज्या विरजलेल्या दह्यासारखी चकाकी आली आणि ब्रश उचलल्यावर टोक उभं राहून हलकेच वाकलं की झालं. डोळ्याला सुट्टे बुडबुडे दिसत असतील तर एकतर पाणी जास्त झालं किंवा फिरवणं कमी पडलं. थोडी क्रीम वाढवून आणखी फिरवायचं. चेहऱ्यावर आधी गोल गोल फिरवायचं म्हणजे केस उभे राहतात, शेवटी रंग लावल्यासारखे सरळ हात मारून फेस एकसारखा करायचा.

मार्चमध्ये केस कापायला गेलो तेव्हा आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांना साबणाची तक्रार सांगितली. ते ब्रश धूत होते. म्हणाले, "सर, साबणाला कशाला नावं ठेवताय, पाणी बदलून बघा की. बोअरच्या पाण्यात आमचाबी फेस फाटतोय. म्हणून तर मी घरनं नळाचं पाणी आणतोय." खरंच, आरशाखाली त्यांनी पाच लिटरचा कॅन ठेवला होता.

त्या रविवारी मी घरी नीट करून बघितलं. दोन वाट्या घेतल्या. एकीसाठी बोअरचं पाणी, दुसरीसाठी स्वयंपाकघरातल्या आरओचं. दोन्ही सारखीच कोमट केली. साबण तोच, ब्रश तोच, मध्ये स्वच्छ धुतलेला. ब्रश साबणावर दोन्ही वेळा तीस सेकंद फिरवला. बोअरच्या पाण्याचा फेस आधी भरभर वर आला, अगदी जास्तच वाटावा इतका. पण त्यात मोठे बुडबुडे होते, आणि दोन मिनिटांनी तो खाली बसला. वाटीच्या तळाशी पातळ पांढरं पाणी आणि त्यात दही फुटल्यासारख्या बारीक कण्या. आरओच्या पाण्याचा फेस सावकाश झाला, तीन वेळा अर्धा-अर्धा चमचा पाणी प्यायला, आणि दहा मिनिटांनीही वाटी कलंडली तरी जागचा हलला नाही. मग साताऱ्याला गेलो तेव्हा तिथल्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं. तिन्ही पाण्यांत साबणाचा सारखा किस टाकून बाटल्या सारख्याच हलवल्या. साताऱ्याच्या बाटलीतला फेस आरओच्या जवळपास होता. बोअरच्या बाटलीत वर तवंग आणि खाली गढूळ पाणी.

त्या कण्या म्हणजे वाया गेलेला साबण. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते साबणाला धरून बसतात आणि पाण्यात न विरघळणारा चोथा तयार होतो. बादलीला, टाइल्सना जो पांढरट थर चढतो त्यात हाही असतो. या क्षारांची भूक भागल्यावर जो साबण उरेल त्याचाच फेस होतो. म्हणून जड पाण्यात साबण दुप्पट वेळ चढवला तर थोडं भागतं, पण तो चोथा चेहऱ्यावरच राहतो आणि रेझर अडखळतो. पाणी उकळून, गार करून, वरचं निवळ घेतल्यानेही फरक पडतो, कारण उकळल्यावर काही क्षार खाली बसतात. पण सगळे जात नाहीत. आरओचं एक कपभर पाणी सगळ्यात सोपं. ब्रश भिजवायला आणि फेसात घालायला तेवढं पुरतं. तोंड धुवायला बोअरचं चालतं, फक्त साबण लावण्याआधी चेहऱ्यावरून आरओच्या पाण्याचा हात फिरवायचा.

आता रविवारी मी साबणच वापरतो आणि गुळगुळीतपणात तो माझ्या मते चौघांत पहिला आहे. फेस दाट आणि ओला, ब्रशने केसाच्या मुळापर्यंत जातो, आणि ब्लेड सरकून गेल्यावरही कातडीवर बुळबुळीत पातळ थर राहतो. त्यामुळे भोवऱ्यावर पुन्हा हात मारावा लागला तरी आग होत नाही. पहिला हात केसांच्या दिशेने, पुन्हा फेस, दुसरा आडवा. उलटा हात मी फक्त गालावर मारतो. गळ्यावर उलटा मारला की दोन दिवसांनी केस आत वळून पुळी येते, फेस कितीही चांगला असला तरी. तेवढं काम फेस करू शकत नाही.

तुरटीबद्दल एक सांगायचं राहिलं. दाढीनंतर ओली तुरटी फिरवली की जिथे चुरचुरतं तिथे ब्लेड जास्त दाबलं गेलं हे कळतं, म्हणून मी ती रोज लावतो. पण मे महिन्यात एकदा पहिल्या हातानंतर तुरटी लावली आणि त्याच बोटांनी ब्रश साफ करून पुन्हा फेस करायला गेलो. आरओच्या पाण्यातही फेस फाटला. तुरटीतलं ॲल्युमिनियमही साबणाशी तसंच वागतं. तेव्हापासून तुरटी सगळ्यात शेवटी, आणि तिची बशी वेगळी.

ब्रशच्या मुळाशी बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता. पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून पाच मिनिटं बुडवला, धुतला आणि केस खाली करून टांगला. दुसऱ्या दिवशी तो नव्यासारखा मऊ लागला. हे मी आता महिन्यातून एकदा करतो. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "इथं साताऱ्यात तसलं काही लागत नाही रे." त्यांच्या ब्रशला खरंच लागत नाही, मी जाऊन बघितलं.