बेदाण्याची पहिली चौकशी: सगळं एकदम पाठवावं की एका पानात उत्तर द्यावं?

सांगली-तासगावच्या बेदाण्यासाठी परदेशातून येणारी पहिली मेल बहुतेक वेळा दोन ओळींची असते: कॅटलॉग पाठवा, सँपल पाठवा, कमीत कमी किती माल घ्यावा लागेल ते कळवा. याला उत्तर देण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत हिरवा, पिवळा, काळा, सगळ्या ग्रेड, दरपत्रक आणि कंपनीची माहिती असं सगळं एकाच मेलला जोडतात. दुसरीत विचारलेल्या मालापुरतं एक पान आणि दोन-तीन प्रश्न पाठवतात.

पहिल्या रीतीला वेग आहे, हे मान्य. आयातदाराने दहा जणांना मेल टाकलेली असते आणि पूर्ण उत्तर आधी देणारा त्याच्या यादीत वर येतो. आखाती देशांतला खरेदीदार तर दर दिसल्याशिवाय पुढे बोलतच नाही, असाच अनुभव आहे. तिथे ही रीत चालून जाते.

माझं मत मात्र दरपत्रकामुळेच फिरलं. पीडीएफ मेलपासून सुटते, दलालामार्फत फिरते आणि चार-पाच महिन्यांनी कुणी तरी तोच आकडा समोर ठेवतो. एप्रिलमध्ये नवा माल येत असतानाचा दर आणि दिवाळीआधीच्या सौद्यातला दर यांत बराच फरक पडू शकतो. दर वाढला की खरेदीदाराला आपण शब्द फिरवला असं वाटतं, आणि त्याच्या जागी तो चूकही नसतो, कारण कागदावर मुदतच नव्हती. म्हणून कॅटलॉग दराविना असावा. दर मेलच्या मजकुरातच, एकाच ग्रेडचा लिहावा: कोणता पॅक, एफओबी न्हावाशेवा, म्हणजे त्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा, की सीआयएफ, म्हणजे खरेदीदाराच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा धरून, आणि कोणत्या तारखेपर्यंत लागू. सात दिवस पुरतात.

समजा, रॉटरडॅमच्या आयातदाराने हिरवा बेदाणा विचारला आहे. एका पानावर मालाचा खरा फोटो, आकार, ओलावा, 10 किलोचा कार्टन, साठवण आणि प्रयोगशाळेचा ताजा अहवाल एवढं पुरे. युरोपात बेदाण्यातल्या ऑक्राटॉक्सिन ए या बुरशीपासून होणाऱ्या विषाची मर्यादा किलोला 8 मायक्रोग्रॅम आहे, आणि गंधकाची धुरी दिलेल्या मालात सल्फर डायऑक्साइड किलोला 2000 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. आपल्या मालातले हे आकडे तो विचारणारच, त्यामुळे कीडनाशक अंशांच्या अहवालासह ते आधीच दिले तर एक फेरी वाचते. खाली तीन प्रश्न: कोणतं बंदर, पॅक साधा की तुमच्या छापाचा, वर्षाला साधारण किती माल. उत्तर येईपर्यंत त्याचा व्हॅट क्रमांक मागून युरोपीय संघाच्या VIES या संकेतस्थळावर तपासून घ्यावा.

सँपलच्या बाबतीत दोन्ही रीतींत चूक एकच होते: चांगला दिसणारा माल निवडून पाठवणं. हिरवा बेदाणा कोल्ड स्टोरेजच्या बाहेर राहिला की हळूहळू तपकिरी पडतो. एप्रिलच्या ताज्या मालाचं सँपल पाठवून नोव्हेंबरला दुसऱ्याच लॉटचा माल भरला, तर रंगावरून भांडण ठरलेलं. देणार असू त्याच लॉटचा 500 ग्रॅमचा नमुना काढावा, पाकिटावर लॉट क्रमांक लिहावा आणि तसंच सीलबंद पाकीट आपल्याकडे कोल्डमध्ये ठेवावं. अटही स्पष्ट लिहावी: माल मोफत, कुरिअर खर्च खरेदीदाराचा, पहिल्या ऑर्डरच्या बिलात तो वजा होईल. परदेशी कुरिअर मालापेक्षा महाग पडतं आणि ज्याला खरंच घ्यायचं आहे तो सहसा कुरकुरत नाही. मोफत कुरिअरच हवा म्हणणारा प्रत्येक जण खोटा असतो असं नाही, पण माझा विश्वास तिथे कमी होतो.

कमीत कमी मालाच्या ओळीत ‘चर्चेने ठरवू’ असं लिहू नये, कारण त्यावरून 200 किलोची मागणी येते. आकडा कारणासह द्यावा. साध्या कार्टनमध्ये पहिली ऑर्डर, उदाहरणार्थ, 5 टन. हा माल एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये जातो, त्यामुळे किलोमागे भाडं जास्त पडतं आणि शेजारच्या मालाचा वास लागण्याची जोखीम राहते, हेही सांगावं. खरेदीदाराचा छाप हवा असेल तर कार्टन छापणारा जेवढे कमीत कमी नग घेतो, तेवढा माल घ्यावा लागेल. पूर्ण 20 फुटी कंटेनरचा आकडा, साधारण 20 टनांच्या आसपास, शेजारी ठेवला की पुष्कळ जण किलोमागचा फरक पाहून स्वतःच कंटेनरकडे वळतात.

एका पानाच्या रीतीत कमीपणा एवढाच की दुसरी मेल लिहावी लागते आणि पहिली त्याच दिवशी गेली नाही तर तिचा उपयोग उरत नाही. युरोपची कामाची वेळ आपल्या दुपारी सुरू होते, म्हणून सकाळी वाचलेल्या चौकशीला दुपारी बारापर्यंत उत्तर दिलं तर ते त्याच्या ऑफिस उघडताच समोर असतं.