विरळ भांगाला काळ्याऐवजी तपकिरी रंग: दिवाळीपासूनचा अनुभव

माझा भांग रुंद झाला आहे आणि केस निम्मे पांढरे. पूर्वी काळाभोर रंग लावायचे, तेव्हा गोरी टाळू पांढऱ्या रेघेसारखी उठून दिसायची. दांडिया बाजारातल्या पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, "केस आणि टाळूच्या रंगातला फरक कमी करा, भांग आपोआप बारीक दिसेल." तेव्हापासून अमोनिया नसलेली डेमी-पर्मनंट, म्हणजे धुता धुता हळूहळू फिकी होणारी क्रीम वापरते, शेड ४, म्हणजे मध्यम तपकिरी.

फरक खरंच पडला. ही क्रीम पांढरे केस पूर्ण झाकत नाही, ते शेजारच्या केसांपेक्षा थोडे उजळ राहतात. एकाच सपाट रंगापेक्षा अशा मिसळलेल्या छटांमुळे केस भरलेले वाटतात. रंगाने केसाचं वरचं आवरणही थोडं खरखरीत होतं, त्यामुळे ते टाळूला चिकटून बसत नाहीत.

टाळूला रंग लागू नये म्हणून लावण्याची पद्धत मात्र बदलावी लागते. आदल्या दिवशी केस धुवायचे नाहीत, कपाळाच्या कडेला पेट्रोलियम जेली लावायची. मग पातळ बट टाळूपासून वर ताणून धरायची, खाली फॉइल ठेवायचा, आणि ब्रश मुळाशी न टेकवता बोटभर अंतरावरून टोकाकडे न्यायचा. ब्रशवर उरलेली क्रीम शेवटी मुळाकडे ओढायची आणि अर्धा सेंटिमीटर आधी थांबायचं. मागची बाजू एकटीने जमत नाही, ती माझी जाऊ करून देते. धुताना मान मागे टाकून भरपूर कोमट पाणी घ्यायचं, रंगाचं पाणी टाळूवर रेंगाळू द्यायचं नाही.

अमोनिया नाही म्हणजे ॲलर्जीचा धोका नाही, असं समजू नका. ॲलर्जी आणू शकणारं पीपीडी हे रंगाचं रसायन किंवा त्याच्या जवळची रसायनं अशा क्रीममध्येही असतात. म्हणून कानामागे थोडी लावून ४८ तास थांबायचं. खाज, सूज किंवा पुरळ आलं तर ती क्रीम वापरायचीच नाही. केसगळतीवरचं मिनॉक्सिडिल चालू असेल तर रंगाआधी टाळू धुऊन घ्यायची आणि त्या दिवशी औषध लावायचं नाही.

रंगानंतर गळालेले केस मी हातात घेऊन बघते. टोकाला पांढरी गाठ असेल तर केस मुळातून गळलेला असतो. गाठ नसलेले आखूड तुकडे वाढले तर केस तुटताहेत, मग पुढचा रंग लांबवायचा.

उणीव एकच, पण मोठी: सोडलेलं अर्धा सेंटिमीटर आणि त्यात वाढणारा पांढरा भाग काही आठवड्यांत भांग पुन्हा रुंद दाखवतो. काळ्यापेक्षा तपकिरीत ही सीमारेषा मऊ असते, एवढंच. मी भांग नागमोडी पाडते आणि बाहेर जाताना त्यावर तपकिरी रूट पावडर लावते. बडोद्याच्या मे महिन्यात घामाने ती पावडर ओघळते, त्यामुळे तेव्हा कमीच. उन्हाने रंग लालसर पडतो, म्हणून स्कूटीवर ओढणी डोक्यावरून घट्ट बांधते.