यूट्यूब आणि फेसबुक दोन्हीकडे एकाच वेळी लाइव्ह: ७ महिने वापरल्यानंतर, आणि अपलोडचा तो हिशोब जो मला कोणी आधी सांगितला नाही

कोजागिरीच्या रात्री आमचा लाइव्ह फेसबुकवर अडकून अडकून गेला ना, तेव्हापासून हे लिहायचं होतं. पण आधी नीट समजून घेऊ मग लिहू म्हटलं, आणि समजता समजता उन्हाळा लागला.

आम्ही नागपूरला सक्करदऱ्याकडे राहतो, आमचं भजन मंडळ आहे, दर गुरुवारी संध्याकाळी ७ ते ९. लाइव्ह मी सांभाळतो. एक कॅमेरा, कॅप्चर कार्ड, मिक्सरमधून आवाज आणि माझा जुना आय-फाइव्ह लॅपटॉप. आधी फक्त यूट्यूब होतं, पण गावाकडची मंडळी सगळी फेसबुकवर, म्हणून गणपतीत ओबीएसमध्ये, म्हणजे मी ज्या सॉफ्टवेअरने लाइव्ह पाठवतो त्यात, `obs-multi-rtmp` हा प्लगइन टाकला. फुकट आहे, यूट्यूब नेहमीच्या सेटिंगमध्ये राहू द्यायचं, फेसबुकचा पत्ता आणि स्ट्रीम की प्लगइनच्या डॉकमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या खिडकीत टाकायची, झालं. पाठवण्याजोगा व्हिडिओ तयार करणारा एन्कोडर ओबीएसचाच वापरायचा हा पर्याय ठेवला तर लॅपटॉपवर नवीन भार पडत नाही. खरंच पडला नाही, दुसरा लाइव्ह सुरू केला तरी सीपीयूचा आकडा होता तिथेच. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की यासारखी चीज नाही.

इथेच माझी चूक झाली. व्हिडिओ एकदाच तयार होतो म्हणजे नेटवरूनही एकदाच जात असेल असं मी धरून चाललो, आणि अनेक जण तसंच धरून चालतात. तसं नाहीये. लॅपटॉप व्हिडिओ एकदाच बनवतो, पण पाठवताना त्याच्या दोन प्रती पाठवतो, एक यूट्यूबच्या सर्व्हरला, दुसरी फेसबुकच्या. दोन वेगळी कनेक्शन आहेत ती. म्हणजे मेहनत एकाची आणि अपलोड दोघांचं. माझं सेटिंग तेव्हा १०८०पी, व्हिडिओ ४५०० केबीपीएस आणि आवाज १६०, म्हणून हिशोब असा:

```
(4500 + 160) × 2 = 9320 kbps
```

म्हणजे ९.३ एमबीपीएस, वरून पॅकेटचा थोडा खर्च धरला की साडेनऊच्या वरच. आणि हे एक-दोन मिनिटं नाही, सलग दोन तास लागतं.

आता कोजागिरी. गच्चीवर दूध आटून राहिलं होतं, खाली भजन चालू, यूट्यूब आणि फेसबुक दोन्ही चालू. साडेनऊला यवतमाळहून आत्याचा फोन आला, "अरे, बुवा थांबून थांबून गाऊन राहिले, तुमच्याकडे काही झालं का?" मी ओबीएसमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात पाहिलं, लाइव्ह नीट जातोय का ते दाखवणारा चौकोन हिरवागार. आत्याला म्हटलं, आत्या, तुमचं नेट पहा, इकडून बरोबर आहे. त्या बिचाऱ्यांनी दोनदा फोन बंद-चालू केला. मग आर्वीहून फोन, मग वर्ध्याहून. तेव्हा कुठे मी प्लगइनच्या डॉककडे पाहिलं, फेसबुकचा आकडा ४६०० च्या आसपास पाहिजे तर तो हजारावर येऊन परत वर जाऊन राहिला होता.

या हिरव्या चौकोनाबद्दल माझा राग अजून गेलेला नाही. ओबीएसच्या खालच्या पट्टीवरचा तो चौकोन आणि ड्रॉप फ्रेमचा, म्हणजे नेटवरून न पोहोचलेल्या चित्रांचा आकडा फक्त मुख्य लाइव्हचा असतो, म्हणजे माझ्याकडे यूट्यूबचा. दुसरीकडे काय चाललंय त्याचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरा लाइव्ह पूर्ण गळपटला तरी तो हिरवाच राहतो, आणि आपण समोरच्याला सांगत बसतो की तुमचं नेट खराब आहे. आत्यांना मी दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली. प्लगइन बनवणाऱ्याने फुकटात एवढं दिलं, त्याला दोष देत नाही, पण दुसऱ्या लाइव्हचा आकडा घसरला की लाल रंगात मोठं काहीतरी दिसायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आता मी तो डॉक ओढून प्रीव्ह्यूच्या अगदी खाली लावलाय आणि शेजारी `Stats` चा डॉक कायम उघडा ठेवतो.

`Stats` मध्ये तीन वेगळे आकडे असतात आणि ते एकमेकांत मिसळू नका. `Dropped Frames (Network)` वाढत असेल तर नेट. `Skipped frames due to encoding lag` वाढत असेल तर लॅपटॉपला व्हिडिओ बनवणं झेपत नाहीये. `Frames missed due to rendering lag` असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे. माझे खालचे दोन शून्यावर होते, म्हणून लॅपटॉप निर्दोष हे नक्की झालं.

मग ब्रॉडबँडवाल्याला बोलावलं. नाव घेत नाही, आमच्या भागातलाच आहे. पोरगा आला, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली, ९६ आलं, म्हणे "भाऊ, नेट तर मस्त चालून राहिलं." मी म्हटलं बाप्पा, तो डाउनलोड आहे, मला खालचा आकडा सांग. खालचा ११. आमचा प्लॅन १०० चा, पण ते १०० फक्त खाली यायचे, वर जायला जितकं मिळेल तितकं. जास्त अपलोडचा प्लॅन महिन्याला २५० रुपये जास्त. वर्षाचे ३००० झाले, तेही दानपेटीतून. मी नाही म्हटलं.

आणि तो ११ सुद्धा पूर्ण खरा नाही. स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरला एकदम अनेक कनेक्शन उघडून काही सेकंद जोर लावते. प्रत्येक लाइव्ह म्हणजे एकच कनेक्शन, दोन तास, तेही संध्याकाळी ७ ते ९ जेव्हा अख्खी गल्ली नेटवर असते. सकाळी १५ येत होतं, संध्याकाळी ११. म्हणून टेस्ट करायची तर लाइव्हच्याच वेळेला करा. त्याहून चांगलं म्हणजे यूट्यूबवर प्रायव्हेट आणि फेसबुकवर `Only me` ठेवून अर्धा तास दोन्ही लाइव्ह चालवून पहा आणि आकडे बघा. यूट्यूबला कमी पोहोचत असेल तर स्टुडिओत `YouTube is not receiving enough video to maintain smooth streaming` असं येतं.

पण ११ मध्ये साडेनऊ बसतात ना, मग अडकलं का? हे मला दोन आठवडे सुटलं नव्हतं. मागच्या गुरुवारांची रेकॉर्डिंग काढून पाहिली तर एक गोष्ट दिसली, अडकणं बहुतेक वेळा आरतीच्या वेळी सुरू होतं. पुढच्या गुरुवारी आरती सुरू झाली आणि मी राउटरचं पान उघडलं. १९ मोबाइल जोडलेले. वायफायचा पासवर्ड फळ्यावर लिहिलेला आहे, येणारा प्रत्येक जण जोडतो. आरती लागली की सगळे व्हिडिओ काढतात आणि तिथल्या तिथे स्टेटसला टाकतात, घरच्यांना पाठवतात, शिवाय काहींचे फोटो आपोआप बॅकअपला जातात. हे सगळं अपलोडच आहे! आमच्याकडे शिल्लक होती जेमतेम दीड एमबीपीएस. तीन-चार जणांनी व्हिडिओ पाठवले की ती संपली, आणि मग रांगेत यूट्यूब, फेसबुक आणि मोबाइल सगळे एकमेकांना ढकलतात. त्यात कोण मागे पडेल हे आपल्या हातात नसतं. कोजागिरीला तर दुधात चंद्र पाहून अख्ख्या गच्चीने एकदमच व्हिडिओ पाठवले असणार.

तेव्हा माझं मत बदललं. सप्टेंबरात मी या प्लगइनला पाचपैकी पाच दिले होते, कोजागिरीनंतर रागात दोन केले होते, ते दोन चुकीचे होते. प्लगइनने त्याचं काम बरोबर केलं होतं.

मधल्या काळात केलेले दोन प्रयोगही सांगतो. एक, फेसबुकसाठी वेगळा एन्कोडर, ७२०पी आणि १५०० केबीपीएस. अपलोड वाचतं, पण मग लॅपटॉपला व्हिडिओ खरंच दोनदा बनवावा लागतो. दहा मिनिटांत पंखा ओरडायला लागला आणि `Encoding overloaded!` आलं. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल त्यांनी हे नक्की करावं, माझ्याकडे नाही. दोन, क्लाउडवाली सेवा, म्हणजे आपण एकच लाइव्ह तिकडे पाठवायचा आणि ते पुढे दोन्हीकडे वाटतात. अपलोड एकाचंच लागतं, अडकलंही नाही, ज्यांचं अपलोड ५-६ च आहे त्यांना हाच मार्ग. पण मी घेतलेल्या फुकट प्लॅनमध्ये पडद्यावर त्यांचा लोगो आला आणि तो काढायचे दर महिन्याला पैसे. विठ्ठलाच्या फोटोवर कंपनीचा लोगो मला नाही चालला.

शेवटी जे टिकलं ते साधं आहे. ७२०पी, व्हिडिओ २५००, आवाज १२८. दोन्हीचे मिळून ५.२६ एमबीपीएस. यूट्यूब ७२०पी साठी ४ एमबीपीएस सुचवतं हे मला माहीत आहे, पण आमच्याकडे माणसं बसलेली, मागे भिंत, हलतात फक्त पेटीवरची बोटं आणि टाळ. अशा चित्राला २५०० पुरतात. क्रिकेट दाखवणार असाल तर पुरणार नाहीत, मैदान पळालं की सगळं चौकोन चौकोन दिसेल. माझा अंदाज असा की दोन्ही लाइव्हची बेरीज संध्याकाळच्या अपलोडच्या दोन-तृतीयांशाच्या आत ठेवायची. ११ चे दोन-तृतीयांश ७.३, त्यात ५.२६ आरामात बसतात आणि आधीचे साडेनऊ कधीच बसणार नव्हते.

सोबत लॅपटॉपला १५ मीटर लॅन केबल ओढली, आणि पाहुण्यांसाठी गेस्ट वायफाय वेगळं करून त्याला १ एमबीपीएसची मर्यादा घातली, आमच्या राउटरमध्ये तो पर्याय होता. फळ्यावर आता गेस्टचाच पासवर्ड आहे. दोन-चार जण कुरकुरले, चालायचंच.

लाइट गेली तर मोबाइल हॉटस्पॉटवर दोन्ही चालवू नका, हे कळकळीने सांगतो. रोजच्या २ जीबीवाल्या पॅकवर आधीचं सेटिंग दोन्हीकडे चालवलं तर २९ मिनिटंही टिकत नाही, एकच ठेवलं तर ५७ मिनिटं. मी हॉटस्पॉटवर गेलो की फेसबुक बंद करतो आणि यूट्यूब ठेवतो, कारण २०२५ च्या फेब्रुवारीपासून फेसबुक लाइव्हचा व्हिडिओ ३० दिवसांनी काढून टाकतं, यूट्यूबवरचा राहतो. म्हणूनच मुख्य लाइव्ह यूट्यूब आणि प्लगइनमध्ये फेसबुक.

मागचे पाच गुरुवार `Dropped Frames (Network)` शून्याच्या वर गेलेला नाही आणि फेसबुकचा आकडा २६०० च्या आसपास स्थिर आहे. चार स्टार देतो. पाचवा त्या हिरव्या चौकोनासाठी अडवून ठेवलाय. हनुमान जयंतीला सलग पाच तासांचा कार्यक्रम आहे, त्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी अर्धा तास दोन्हीकडे चालवून पाहणार आहे, आणि यवतमाळला आत्यांना फोन लावून ठेवणार आहे.