मास्टर करार आणि पीओ: मजकूर कम्पेअर करावा की अटींचा तक्ता?

पुरवठादाराशी केलेल्या एका मास्टर कराराखाली वर्षभर पीओ, म्हणजे खरेदीचे आदेश, निघत राहिले की त्यातल्या काही अटी मूळ कराराशी भिडतातच. त्या शोधून तपासणीसाठी यादी करायची तर दोन रस्ते आहेत. एक, करार आणि पीओचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून कम्पेअर करायचा आणि लाल खुणा वाचायच्या. दुसरा, कराराच्या अटींचा तक्ता एकदाच बनवायचा आणि येणारा प्रत्येक पीओ त्याच्याशी ताडून पाहायचा. मी दोन्ही केलंय, पहिलं जवळपास दोन वर्षं.

मजकूर कम्पेअर करायला पूर्वतयारी लागत नाही. शिवाय पीओच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात कोणी नवीनच कलम घुसवलं असेल, तर तेही सुटत नाही. अडचण अशी की करार आणि पीओ एकाच साच्यातले नसले तर सगळंच लाल होतं. एकीकडे ‘पुरवठादार’, दुसरीकडे ‘विक्रेता’, लगेच खूण. एका पीओत मला 84 खुणा मिळाल्या, त्यातल्या कामाच्या तीन. तपासणारा माणूस विसाव्या खुणेलाच कंटाळतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

तरीही तेवढ्यासाठी मी ही पद्धत सोडली नसती. सोडली ती वॉरंटीच्या कलमात जी खूण उमटलीच नाही तिच्यामुळे. करारात पंपाची वॉरंटी 24 महिने होती, पीओतही 24 महिने. आकडा जुळला म्हणून मी पुढे गेलो. करारात ते महिने मोजायचे होते चाचणी होऊन माल स्वीकारल्यापासून. पीओत ते होते माल पोचल्यापासून, आणि हे शब्द वॉरंटीच्या कलमात नव्हतेच, ‘वॉरंटी कालावधी’च्या व्याख्येत पाच पानं आधी होते. तिथली लाल खूण व्याख्यांच्या पन्नास खुणांत हरवली. माल आला 5 मार्चला, स्वीकृती झाली 20 मेला. मध्ये 76 दिवस. दोन वर्षांनी एप्रिलमध्ये पंप बंद पडला. पुरवठादार म्हणाला वॉरंटी मार्चमध्येच संपली, आम्ही म्हणालो मेपर्यंत आहे. शेवटी दुरुस्तीचा खर्च अर्धा अर्धा वाटून घेतला.

तक्त्यात हे सहसा निसटत नाही, कारण तिथे ‘24 महिने’ हा एकच रकाना नसतो. आकडा, एकक, कधीपासून मोजायचं आणि कलम क्रमांक असे चार रकाने असतात, आणि व्याख्येतून शोधून आणल्याशिवाय तिसरा भरताच येत नाही. पेमेंटचंही तसंच. दोन्हीकडे 60 दिवस असतात, पण एकीकडे बिलाच्या तारखेपासून आणि दुसरीकडे बिनचूक बिल हाती पडल्यापासून. तक्त्यात कोणत्या अटी घ्यायच्या यासाठी मी आंतरराष्ट्रीय माल-विक्रीवरच्या 1980 च्या व्हिएन्ना अधिसंधीच्या कलम 19 चा आधार घेतो. किंमत, पेमेंट, मालाचा दर्जा व प्रमाण, पोचवण्याची जागा व वेळ, दायित्वाची मर्यादा, वाद मिटवण्याची पद्धत. तिथली यादी प्रस्ताव आणि स्वीकृतीसाठी आहे, पण भांडणं होतात ती बहुधा याच मुद्द्यांवर.

तक्त्याची पहिली ओळ मात्र अग्रक्रमाच्या कलमाची. आमच्या करारात लिहिलं होतं की करारच वरचढ, फक्त ‘व्यावसायिक बाबींत’ पीओ वरचढ. वॉरंटी व्यावसायिक बाब आहे का? त्यावरच सगळं अडलं. काही करारांत पीओने कलम क्रमांक घेऊन स्पष्टपणे बदल केला तरच तो चालतो. म्हणून यादीतल्या प्रत्येक नोंदीपुढे मी तीनपैकी एक शेरा लिहितो: खरा विरोध, परवानगी असलेला बदल किंवा पीओ गप्प आहे. गप्प राहणं म्हणजे विरोध नव्हे, तिथे बहुधा करारच लागू होतो. अशा नोंदी वेगळ्या काढल्या की तपासायची यादी पाच-सहा ओळींवर येते आणि ती खरोखर वाचली जाते.

तक्त्याच्याही त्रुटी आहेत. तो बनवायला मला एका करारामागे अर्धा दिवस लागतो. करारात दुरुस्ती झाली की जुना तक्ता चुकीची उत्तरं देतो, त्यामुळे पीओच्या तारखेला कोणती दुरुस्ती लागू होती हे आधी पाहावं लागतं. आणि ज्या अटीला रकानाच नाही ती दिसतच नाही. पैसे पूर्ण मिळेपर्यंत मालकी पुरवठादाराकडेच राहील, असं कलम मला एकदा मागच्या पानावर सापडलं होतं, तेही मजकूर कम्पेअर केला तेव्हाच.

वर्षात दोन-चारच पीओ निघत असतील तर कदाचित कम्पेअर पुरेसं ठरेल, फक्त व्याख्यांचं पान आधी वाचावं. त्याहून जास्त असतील तर मी तक्त्याकडे झुकेन. पीओचा साचा बदलला की तेवढा एक पीओ मी अजूनही कम्पेअर करतो, आणि त्यात जे नवं सापडेल त्याचा रकाना तक्त्यात वाढवतो.