रिफर्बिश्ड लॅपटॉप, आठ महिन्यांनंतर: ८७ टक्के बॅटरी म्हणजे नक्की किती?

लॅपटॉप चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जवळजवळ फक्त बॅटरीबद्दल बोलणार आहे. डेल लॅटिट्यूड ७४९०, आय-फाइव्ह आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. वीस हजारांच्या आत पडला. कीबोर्ड असा की नव्या स्वस्त लॅपटॉपवर बोटं ठेववत नाहीत. बिजागरी घट्ट, स्क्रीनवर एक ठिपका नाही, झाकणावर कुठल्यातरी कंपनीचं स्टिकर खरवडून काढल्याची खूण, तिचं मला काही नाही. आठवी पिढी मुद्दाम घेतली. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनचीच मशीन अधिकृतपणे चालतात. सहावी-सातवी पिढी इतकी स्वस्त का मिळते, याचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

मी हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहिते. विक्रोळी ते मुलुंड या पट्ट्यात फिरणं असतं. सोसायटीचं ऑफिस म्हणजे बहुतेक वेळा जिन्याखालची खोली, आणि तिथे एकच सॉकेट; त्यात पंखा नाहीतर सीसीटीव्हीचा डबा. म्हणून मला प्रोसेसरपेक्षा बॅटरी महत्त्वाची. विकणाऱ्याच्या पानावर ठळक अक्षरांत होतं: बॅटरी हेल्थ किमान ८० टक्के, सहा महिने वॉरंटी.

लॅपटॉप आला त्याच संध्याकाळी रिपोर्ट काढला. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि हे टाइप करायचं:

```
powercfg /batteryreport
```

एक एचटीएमएल फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं. त्यात `DESIGN CAPACITY` म्हणजे बॅटरी नवीन असतानाची क्षमता आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आता पूर्ण चार्ज झाल्यावर मावते ती. माझ्याकडे पहिला आकडा ६०,००० आणि दुसरा ५२,२००, दोन्ही मिलिवॉट-अवर. भागाकार केला तर ८७ टक्के. मी खूश. त्याच आठवड्यात पाच स्टार देऊन मोकळी झाले.

मग ऑगस्ट आला. एजीएम ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, त्यामुळे त्या दिवसांत प्रत्येक कमिटीला ताळेबंद कालच हवा असतो. भांडुपच्या एका सोसायटीत सिंकिंग फंडाच्या व्याजावर जुंपली होती. मी टॅलीत लेजर उघडून दाखवत होते, खाली कोपऱ्यात ३४ टक्के दिसत होते, आणि स्क्रीन काळी. इशारा नाही, काही नाही. सेक्रेटरीकाका म्हणाले, "मॅडम, आकडे बघून तोच घाबरला." सगळे हसले, मीही हसले. पण ३४ टक्क्यांवर बंद पडणारा लॅपटॉप मला चालणार नव्हता.

आधी वाटलं, विंडोजचा घोळ असेल. अपडेट केलं, बायोस अपडेट केलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा तिशीच्या घरात. तेव्हा हिशेबनिसाने करायचं ते केलं: ताळा लावला.

बॅटरीच्या आत एक छोटी मोजणी-चिप असते. किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली, हे ती बऱ्यापैकी अचूक मोजते. पण बॅटरीत एकूण किती मावते हा तिचा अंदाज असतो, आणि तो अंदाज सुधारायला बॅटरी कधीतरी जवळजवळ पूर्ण उतरून पुन्हा पूर्ण चढावी लागते. ऑफिसातले लॅपटॉप वर्षानुवर्षं चार्जर लावूनच चालतात. बॅटरी ९५ आणि १०० च्या मधेच बसून राहते, उष्णतेने आणि वयाने आतून झिजते, आणि चिप मात्र जुनाच आकडा धरून असते. आपल्या हातात येतो तेव्हा रिपोर्ट ८७ म्हणतो. तो खोटा नसतो, शिळा असतो.

हे तपासायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. लॅपटॉप १०० टक्के चार्ज करायचा, पिन काढायची, ब्राइटनेस मध्यम ठेवून एखादा व्हिडिओ चालू ठेवायचा, मधे चार्जरला हात लावायचा नाही, बंद पडेपर्यंत. मग चार्जर लावून सुरू करायचा आणि पुन्हा रिपोर्ट काढायचा. त्यात `Battery usage` या भागात `ENERGY DRAINED` असा रकाना असतो, बॅटरीतून प्रत्यक्ष बाहेर पडलेली वीज. माझ्याकडे १०० पासून बंद पडेपर्यंतची बेरीज आली सुमारे ३४,५००.

आता ताळा बघा. चिप म्हणते, पोत्यात ५२,२०० आहेत. ३४,५०० निघाले, म्हणजे १७,७०० शिल्लक, म्हणजेच ३४ टक्के. तेच ३४ स्क्रीनवर दिसत होते! फक्त ते पोत्यात नव्हतेच. खरी क्षमता ६०,००० पैकी ३४,५००, म्हणजे ५७-५८ टक्के. असं दोनदा पूर्ण उतरवल्यावर चिपलाही अक्कल आली आणि `FULL CHARGE CAPACITY` एकदम ३५,००० च्या आसपास येऊन बसला. रिपोर्टच्या `Battery capacity history` मध्ये कित्येक आठवडे सरळ रेघ आणि मग एका तारखेला कडा. झीज अशी होत नाही. झीज हळूहळू उतरते. कडा दिसला की समजायचं, आकडा आत्ता कुठे खरा बोलायला लागला. हा इतिहास विंडोज टाकल्या तारखेपासूनच सुरू होतो, त्यामुळे आधीच्या मालकाकडचं त्यात काही सापडत नाही.

आता वॉरंटी. सहा महिने लिहिलं होतं ना? बॉक्समधल्या कार्डावर बारीक अक्षरांत: बॅटरी आणि अडॅप्टर ३० दिवस. फोनवरची मुलगी गोड बोलत होती. "मॅडम, बॅटरी कन्झ्युमेबल असते, वापराने कमी होते." मी म्हटलं, वापराने कमी झालेली नाही, आली तेव्हाच कमी होती, पुरावा पाठवते. "मॅडम, आमच्या क्वालिटी टीमने ८७ चेक केलं होतं." तेच ८७. त्यांनीही तीच कमांड चालवली असणार, बाकी काही नाही. डेलच्या सपोर्ट साइटवर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग टाकून पाहिला होता. लॅपटॉप २०१९ ला कारखान्यातून निघालेला, कंपनीची वॉरंटी कधीच संपलेली. तिथे दाद मागण्यात अर्थ नव्हता. रिफर्बिश्डमध्ये वॉरंटी विकणाऱ्याची, हे पक्कं धरून चालायचं.

मग लेखी तक्रार केली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्या साइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. साइटच्या तळाशी त्याचा ईमेल असतो, कोणी बघत नाही इतकंच. मी तीन गोष्टी जोडल्या: पानाचा ‘किमान ८० टक्के’वाला स्क्रीनशॉट, पहिल्या दिवशीचा रिपोर्ट, आणि नंतरचा. मुद्दा एकच लिहिला: ही वॉरंटीची मागणी नाही, वर्णनाप्रमाणे माल न दिल्याची तक्रार आहे. ३० दिवसांची अट त्याला लागू नाही. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली. तोवर गोड बोलणारी मुलगी गेली आणि ‘एस्कलेशन टीम’मधले एक गृहस्थ आले, ते थेट म्हणाले, बॅटरी पाठवतो, पण कंपॅटिबल असेल.

दरम्यान लॅमिंग्टन रोडला विचारून आले होते. तिथला कारागीर म्हणाला, "ताई, ओरिजिनल म्हणून देईन ती पण ओरिजिनल असेलच असं नाही. बॅच नवीन बघून घ्या, बाकी नशीब." तीनेक हजार सांगत होता. फुकट मिळत असताना तीन हजार कोण घालवतो? कंपॅटिबल घेतली.

आणि इथे माझं मत बदललं. मी तयारीतच होते की ही दोन महिन्यांत मान टाकेल. रिपोर्टमध्ये क्षमता अगदी गोल ६०,००० आणि `CYCLE COUNT` शून्य, म्हणून संशयच आला. पुन्हा पूर्ण उतरवून पाहिली: ५५,००० च्या थोडं वर निघाले. टॅली, एक्सेल आणि वायफायवर पाच तासांच्या पुढे जाते. दिवसभर दोन सोसायट्या होतात. हा लॅपटॉप पहिल्याच दिवशी असा मिळाला असता तर हे लिहायलाच बसले नसते. आता बायोसमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबेल असं कस्टम सेटिंग केलंय आणि मोठा दिवस असेल तेव्हाच १०० करते.

अडॅप्टरचं राहिलं. डेलचे अडॅप्टर आतल्या पिनने स्वतःची ओळख सांगतात. स्वस्त नकली आला तर सुरू होताना अडॅप्टर ओळखता येत नाही असा संदेश येतो, मशीन मंद चालते आणि बॅटरी चार्जच होत नाही. मला ६५ वॉटचा अस्सल आला, त्याबद्दल या लोकांना एक गुण.

विकणाऱ्याची पत कशी बघायची, यावर माझा धंद्याचा इलाज आहे. रेटिंग सोडा, चार हजार पाच-स्टारवाले ‘पॅकिंग छान’ लिहून गेलेले असतात, माझ्यासारखेच. पानावर विक्रेत्याचं खरं नाव आणि पत्ता असतो, जीएसटी नंबर मागितला तर चांगला विक्रेता देतो. जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये तो टाकला की नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, रिटर्न भरतात का, सगळं दिसतं, लॉगिन लागत नाही. पहिले दोन अंक राज्याचे, २७ म्हणजे महाराष्ट्र. नोंदणी गेल्याच महिन्यातली आणि वॉरंटी वर्षाची, असं दिसलं की मी पान बंद करते.

नणदेच्या मुलाला इंजिनिअरिंगसाठी असाच हवा होता. त्याला विकणाऱ्याला पाठवायला हा मेसेज लिहून दिला: "सर्व्हिस टॅग पाठवा. बॅटरी मूळची की बदललेली? पूर्ण उतरवून पुन्हा चार्ज केल्यानंतरचा बॅटरी रिपोर्ट पाठवाल का? बॅटरीची वॉरंटी किती दिवस, ते बिलावर लिहून द्याल का?" तिघांना पाठवला. एकाने अंगठा दाखवला, एकाने ‘सर, १०० टक्के ओके पीस’ लिहिलं. तिसऱ्याने टॅग दिला, रिपोर्ट दिला, ७१ टक्के निघाले, आणि त्या हिशेबाने हजार रुपये कमी केले. त्याच्याकडून घेतला.